‘पाहू, जमलं तं येतो’ म्हणजे नेमकं काय?

तुम्ही वऱ्हाडातले असाल, तर हे उत्तर ऐकलंही असेल आणि दिलंही असेल. बोलावणाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे वाईट दिसतं, म्हणून नकार ‘पाहू’मध्ये गुंडाळून येतो. पंचाईत अशी, की खरंच कामात असलेला माणूसही सुरुवात ‘पाहू’नेच करतो.

माझ्याकडे येणारे अमरावतीचे एक निवृत्त मास्तर झोपेची गोळी मागत होते. बोलता बोलता कळलं, की त्यांनी अकोल्याच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना हुरड्याला बोलावलं होतं. दोघंही ‘पाहू’ म्हणाले, आणि आपण कोणालाच नको आहोत हे यांनी मनाशी पक्कं केलं. मी त्यांना दोघांचे शब्द जसेच्या तसे सांगायला लावले.

पहिला : “पाहू ना सर, जमलं तं येतो.”

दुसरा : “पाहू ना सर. रविवारपर्यंत कापूस वेचाले बाया लावल्या हायेत. बुधवारी हुरडा राहीन काय?”

‘पाहू’ तेच, पण त्याच्या पुढचं बघा. दुसऱ्याच्या अडचणीला शेवट आहे आणि त्याने उलट प्रश्न विचारला आहे. ज्याला यायचं असतं, तो बहुधा दुसरा दिवस स्वतःच सुचवतो. पहिल्याच्या उत्तरात ना दिवस, ना कारण.

तरी एका उत्तरावरून निकाल लावू नका. घरात आजारपण असलं तर माणसाला तारीख देताच येत नाही. पुन्हा विचारताना दोन दिवस द्या आणि नकाराला वाटही ठेवा : “शनिवारी किंवा सोमवारी जमेल का? नाही जमलं तरी हरकत नाही.” कामात असलेला त्यातला एक दिवस धरतो, नाहीतर कधी फोन करू ते सांगतो. नुसतं ‘पाहू’च पुन्हा आलं, आणि कारणही बदललं, तर तो नकार समजा. तिसरा फोन त्यांच्यावर सोडा.

मास्तरांनी पहिल्याला असंच विचारलं. पुन्हा ‘पाहू’च आलं, पण सोबत एक वाक्य होतं : “तुम्हीच या ना इकडं, शनिवारी घरीच हाओ मी.” नुसतं ‘या ना कधी’ ही बोलण्याची रीत असते. इथे मात्र वार ठरला होता. म्हणजे नकार मास्तरांना नव्हता, अमरावतीला येण्याला होता.

मास्तर गेले, तेव्हा कारण कळलं. त्या गृहस्थांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. सकाळी ती घेतली की काही तास वारंवार जावं लागतं. अकोला ते अमरावती एसटीत दोन तास बसायचं, या धास्तीने त्यांनी गावाला जाणंच सोडलं होतं, आणि हे फोनवर कोण सांगणार? प्रोस्टेटचा त्रास असलेले, कमी ऐकू येणारे लोकही असेच ‘पाहू’ म्हणतात.

तुमचंही तसंच होत असेल, तर गोळी मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.