ॲपमध्ये दहा हजार शब्द, आम्हाला हवा होता एक



मागच्या महिन्यात एका पालकांनी विचारलं, "मॅडम, मुलाला ऐकू येत नाही, हाताची भाषा शिकायला कुठलं ॲप चांगलं?" तेव्हा एका ओळीत उत्तर देऊन मोकळी झाले. पण ते उत्तर अर्धवट होतं, ही रुखरुख मनात राहिली. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझ्या वर्गात, म्हणजे दुसरीत, एक मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. श्रवणयंत्र आहे, पण त्यातून तिला आवाज आहे एवढंच कळतं, शब्द सुटे होत नाहीत. (लोणावळ्याकडच्या पालकांना जाता जाता सांगते, पावसाळ्यात यंत्र रात्री झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत यंत्र लवकर खराब होतं.) तिचे वडील टेम्पो चालवतात. रात्री माल भरून घाट उतरून मुंबईला जातात, कधी दुसऱ्या दिवशी येतात, कधी तीन दिवसांनी. ते निघाले की ही दारात बसायची, बारा-बारा वाजेपर्यंत. आई आत ओढायची, ही रडायची. आपण आपल्या मुलांना सहज म्हणतो ना, "बाबा उद्या येणारेत, झोप आता"? ते वाक्य त्या घरात कुणालाच तिला सांगता येत नव्हतं. तिच्या दृष्टीने बाबा दर वेळी कायमचेच जात होते.

घरच्या खुणा होत्या. पाणी, जेवण, आंघोळ, डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं केलं की आजोबा. पण खुणेने समोर दिसणारी गोष्ट सांगता येते. "उद्या" समोर दिसत नाही.

आईने स्वतःच मोबाईलवर एक ॲप शोधलं. छान रंगीत, रोज पाच शब्द, बरोबर आलं की चांदण्या मिळतात. तीन आठवडे तिने मनापासून केलं आणि बोटांनी लेकीचं नाव इंग्रजी अक्षरांत काढायला शिकली. मलाही कौतुक वाटलं. मी डीएड केलं तेव्हा विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक प्रकरण होतं, पण सांकेतिक भाषा देशोदेशी वेगळी असते हे काही माझ्या डोक्यात बसलेलं नव्हतं.

चूक कळली ती लोकलमध्ये. यंत्राचा कानातला साचा बदलून घ्यायला आम्ही तिघी पुण्याला गेलो होतो. परतीच्या लोणावळा लोकलमध्ये समोर तीन तरुण हातांनी गप्पा मारत बसलेले. आमची पोरगी टक लावून बघत राहिली. आईने धीर करून लेकीकडे बोट दाखवलं आणि एका हाताने तिचं नाव काढून दाखवलं. त्यातल्या एकाने मान हलवली, मोबाईलवर टाईप करून आमच्यापुढे धरलं: "हे अमेरिकेचं." मग त्याने आपले दोन्ही हात वर केले आणि डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांना उजव्या तर्जनीने एकेक करून स्पर्श केला. अंगठा म्हणजे A, तर्जनी E, मधलं I, अनामिका O, करंगळी U.

पालकहो, हीच ॲप ओळखायची सोपी परीक्षा. भारतीय सांकेतिक भाषेची इंग्रजी मुळाक्षरं बहुतेक दोन हातांनी होतात, अमेरिकन एका हाताने. ॲप उघडा, मुळाक्षरं काढा, A बघा. एका हाताची मूठ दिसली तर ते ॲप कितीही सुंदर असो, आपल्या मुलाच्या कामाचं नाही. त्यातले शब्द इथल्या कर्णबधिर माणसांना कळणार नाहीत. मोबाईलवर नुसतं sign language टाकलं की अमेरिकन ॲप्सच पुष्कळ येतात, म्हणून ही गल्लत फार जणांची होते.

त्याच तरुणाने आम्हाला Sign Learn हे नाव लिहून दिलं. दिल्लीत केंद्र सरकारची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश काढला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. तोच शब्दकोश २३ सप्टेंबर २०२२ ला ॲप म्हणून आला. पैसे लागत नाहीत. शब्द हिंदीतून किंवा इंग्रजीतून शोधता येतो.

आता इथे मराठी घरासाठी एक गंमत आहे. आईला हिंदी वाचता येतं, म्हणून ती हिंदीतून शोधायला बसली. पण हिंदीत "कल" म्हणजे काल पण आणि उद्या पण! तेव्हा असा शब्द इंग्रजीतून शोधायचा, tomorrow टाकायचं. उलट आत्या, मावशी, काकू यांना इंग्रजीत एकच aunt. तिथे हिंदीतले बुआ, मौसी, चाची बरे पडतात. मी तिला एका वहीत तीन रकाने आखून दिले: मराठी शब्द, ॲपमध्ये काय टाकायचं, आणि हात कसा याचं तिचं तिने काढलेलं चित्र. पहिल्या पानावर फक्त पाच शब्द घेतले. बाबा, जाणे, येणे, झोपणे, उद्या. फळं, रंग, प्राणी यातलं काही घेतलं नाही. ते शाळेत होईल. घरात जी गोष्ट अडतेय तिचे शब्द आधी.

त्यांच्या वाडीत रेंज येत नाही. म्हणून आई शाळेत यायची, माझ्या मोबाईलवर व्हिडिओ बघायची, मग मी तिचाच व्हिडिओ काढून तिला द्यायचे. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. तिचा हात कुठे चुकतोय ते शेजारी-शेजारी बघून कळायचं. सुरुवातीला ती आरशात बघितल्यासारखं करायची, व्हिडिओतल्या बाईंचा हात ज्या बाजूला दिसतो त्याच बाजूचा आपला हात. तसं नको. आपण ज्या हाताने लिहितो तो मुख्य हात. डावखुऱ्याने डावा वापरला तरी चालतं, फक्त दर वेळी तोच हवा. आणि चेहरा! ती हात बरोबर करायची पण चेहरा कोरा. या भाषेत भुवया, मान, डोळे हे व्याकरण आहे. "बाबा येणार" आणि "बाबा येणार?" यांत हात तेच असतात. प्रश्न असतो तो उंचावलेल्या भुवयांत आणि जरा पुढे झुकलेल्या मानेत.

ॲपची मर्यादा इथे लागते. ते शब्दकोश आहे. एकेक शब्द शोधून आईने पहिलं वाक्य केलं ते पूर्ण मराठीच्या मागे मागे. "बाबा उद्या येणार आहेत" मधल्या "आहेत" साठी ती वेगळा हात शोधत बसली. त्याची गरज नसते. बाबा, उद्या, येणे, झालं वाक्य. आपल्याला सोपं जाणारं एक सांगते. या भाषेत क्रियापद शेवटी येतं, नकार त्याच्या मागे येतो, आणि प्रश्नाचा शब्द अगदी शेवटी. "तुझं नाव काय?" मध्ये "काय" कुठे आहे बघा. केव्हा आणि कुठे हे प्रश्नही पुष्कळदा असेच होतात: "वेळ काय", "जागा काय". वाक्यं कशी जुळतात हे बघायला त्याच संस्थेचा ऑनलाईन अभ्यासक्रम आहे, दहा भागांचा. तो आईने नंतर हळूहळू केला.

पण मुलीला "उद्या" कळावं कसं? व्हिडिओ दाखवून कळत नाही, हे पहिल्याच दिवशी दिसलं. तिने हात हुबेहूब केला आणि परत दारात जाऊन बसली. मग भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं. वडील निघताना स्वतः त्यांनी परतीच्या तारखेवर टेम्पोचं चित्र काढायचं. रात्री आई आजच्या चौकटीवर बोट ठेवायची, "झोपणे" करायची, बोट पुढच्या चौकटीत न्यायची, "उद्या, बाबा, येणे". क्रम महत्त्वाचा. आधी वस्तू दाखवायची, मुलाची नजर परत आपल्याकडे येईपर्यंत थांबायचं, मगच हात करायचा. ऐकणारं मूल कॅलेंडर बघता बघता आपलं बोलणं ऐकतं. ही मुलगी एका वेळी एकच बघू शकते. आईला ते थांबणं सगळ्यात जड गेलं. शिवाय पावसात वीज जाते. अंधार म्हणजे भाषाच बंद. मग आजी मोबाईलची बॅटरी आईच्या हातांवर धरून बसायची.

दोन आठवड्यांच्या आसपास एका रात्री मुलीने आपणहून चौकटीवर बोट ठेवलं, "उद्या, बाबा" केलं आणि झोपली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एकदा घाटात वाहनं अडकली आणि वडील एक दिवस उशिरा आले. सकाळी टेम्पोचं चित्र आहे, बाबा नाहीत. मुलगी संतापली. कॅलेंडर आईपुढे आपटून तिने केलं, "उद्या, बाबा, येणे, नाही". आई मला फोनवर रडत म्हणाली, "बाई, ती मला खोटारडी म्हणतीय." मला वाईट वाटलं, आणि खरं सांगू, बरंही वाटलं. सात वर्षांत पहिल्यांदा ती आईशी भांडली होती, तेही वाक्य करून. त्या दिवशी वहीत सहावा शब्द आला: उशीर.

लोकलमधल्या त्या मुलांचे काही हात ॲपपेक्षा वेगळे होते. आई घाबरली, खरं कुठलं? दोन्ही खरे. पुण्यातल्या आणि दिल्लीतल्या हातांत थोडा फरक असतो, आपल्या बोलीत असतो तसाच. घरची टोपीची खूणही मी मोडू दिली नाही. ॲपमधला "आजोबा" शिकली, पण घरात आजोबा अजून टोपीवालेच आहेत.

त्या तरुणाने उतरण्याआधी आणखी एक दिलं होतं, जे कुठल्याच ॲपमध्ये नाही. मुलीच्या हनुवटीवर तीळ आहे. त्याने बोट हनुवटीला लावून तिच्याकडे दाखवलं: हे तुझं नाव. कर्णबधिर माणसं एकमेकांना अशी नावं देतात. अक्षरं एकेक करून काढण्यापेक्षा हे एका हालचालीत होतं. आता वर्गातली सगळी मुलं तिला त्याच नावाने हाक मारतात, म्हणजे आधी खांद्याला हात लावून आणि मग.

परवा मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. मी दोन दिवस रजेवर होते. हनुवटी वर करून तिने विचारलं, "मॅडम, घर, जाणे, काय?" ती "का" विचारतेय की "केव्हा", ते मला नीट कळलं नाही. तिने माझ्या टेबलावरचा मोबाईल उचलला आणि माझ्या हातात दिला.