कोऱ्या वहीचा हिशेब

आमच्या दिंडोरीकडच्या घरात फवारणीची वही कुणी इकडची तिकडे ठेवत नाही. निर्यातीच्या द्राक्षाला औषधांची नोंद लागते, म्हणून बाबा रकाने आखतात: तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, पाणी आणि पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं.

केडीपीवर मी वह्या बनवायला घेतल्या तेव्हा नुसत्या रेघांच्या वह्यांचा ढीग आधीच पडलेला होता. त्यात आणखी एक टाकून काय होणार? म्हणून बाबांचे रकाने घेतले, इंग्रजीत मांडले आणि तेच पान 120 पानांवर चालवलं. आकार 6 बाय 9 इंच.

खरी कसरत कव्हरची. पुढचं, मागचं आणि कणा मिळून एकच पीडीएफ लागते. कण्याची जाडी पानांवर ठरते. पांढऱ्या कागदाला दर पानामागे 0.002252 इंच, म्हणजे 120 पानांना 0.27 इंच. कडेने 0.125 इंच कापण्यासाठी सोडायचे, की एकूण रुंदी 12.52 आणि उंची 9.25 होते. कण्यावरच्या अक्षरांना दोन्ही बाजूंनी 0.0625 इंच मोकळे हवेत, त्यामुळे अक्षर बारीकच बसतं. नंतर दहा पानं वाढवली तर कव्हर पुन्हा मांडायचं. समोरचं चित्र मात्र साधं ठेवलं, कारण गिऱ्हाईक ते मोबाईलवर अंगठ्याएवढंच बघतं.

कीवर्डसाठी सात चौकटी मिळतात. पहिला मोह `wine journal` लिहायचा. पण ते शोधणारा माणूस वाइन चाखणारा, बाग सांभाळणारा नव्हे. तो येईल, बघेल आणि निघून जाईल. म्हणून `pesticide application log` आणि `small vineyard owner gift` असे शब्द टाकले. शीर्षकात `vineyard spray record` आहेच, ते चौकटीत पुन्हा लिहून जागा फुकट जाते. अमेझॉनच्या शोधपट्टीत दोन शब्द टाइप करून खाली काय सुचतं ते पाहणं, एवढीच माझी पद्धत.

आता पैसे. किंमत ठेवली 6.99 डॉलर. जून 2025 पासून 9.99 च्या खालच्या कागदी पुस्तकाला 60 ऐवजी 50 टक्के रॉयल्टी मिळते, म्हणजे साधारण 3.50 डॉलर. त्यातून अमेरिकेतल्या छपाईचे 2.44 जातात आणि हातात 1.05 उरतो. किंमत 9.99 केली तर 3.55 उरतात, पण एवढ्या किमतीला कोऱ्या रकान्यांची वही कोण घेणार, हा प्रश्नच आहे. करविषयक माहिती पॅनसह भरली तर भारत-अमेरिका करारामुळे 30 ऐवजी 15 टक्के कापतात. माझ्या चांगल्या महिन्यात नऊ वह्या गेल्या. कापून आठ डॉलर, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास, तेही महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी. जाहिरात लावली असती तर तेवढेही उरले नसते.

बाबांनी विचारलं, "मग आपल्यासाठी दोन मागव की!" पण अमेझॉनच्या भारतातल्या दुकानासाठी केडीपी कागदी वही छापत नाही. शेवटी तीच पीडीएफ नाशकातल्या एका प्रेसवाल्याकडे नेली, रकाने मराठी केले, आणि तो आधी म्हणाला, "पन्नासच्या खाली परवडत नाही, ताई."

पन्नास छापल्या. गावातच संपल्या.