शेवटच्या रांगेतून

आमच्या पुतणीचे लग्न सदाशिव पेठेतील एका कार्यालयात ठरले, आणि डेकोरेटरने पसंतीसाठी स्टेजचे एक रंगीत चित्र घरी आणून दिले. गुलाबांची उत्तुंग कमान, मागे शुभ्र पडद्यांच्या चुण्या आणि सर्वांवर जांभळट प्रकाश! मुलीचे मन त्या चित्रावर जडले. आम्ही मात्र टेबलावरची फूटपट्टी उचलली, हा आमचा जुना दुर्गुणच म्हणायचा.

चित्रातील नवरदेव दीड इंच उंच होता आणि कमान सव्वापाच इंच, म्हणजे त्याच्या साडेतीनपट. माणूस साडेपाच फुटांचा धरला तर कमान एकोणीस फुटांहून उंच झाली. तोही कमानीपुढे चार पावले उभा असेल, तर ती त्याहूनही मोठी. आमच्या कार्यालयाचे छत बारा फुटांवर! शिवाय चित्रात पाहुणा एकही नव्हता. रिकाम्या दालनात मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाला जे दिसेल, तेवढेच चितारलेले.

थोरल्या पुतणीच्या लग्नात आमच्या आईला गुडघ्यांमुळे दाराजवळची खुर्ची धरावी लागली होती. तिने मंगलाष्टके ऐकली. होम मात्र दिसला नाही. कारण साधे आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर येते. स्टेज दोन फुटांचे असले, तर पाटावर बसलेल्या वधूवरांची डोकीही तेवढ्यावरच येतात. तेव्हा पायथ्याशी रचलेले फुलांचे ढीग पहिल्या रांगेपुरते, आणि छायाचित्रापुरते.

आम्ही डेकोरेटरला बोलावले. “काका, चित्र नुसतं कल्पनेचं असतं,” तो म्हणाला.

“मग तीच कल्पना शेवटच्या रांगेतून काढून दाखव,” आम्ही म्हटले, “आणि पुढे माणसंही बसव.”

बिचारा हसला, पण दुसरे चित्र घेऊन आला. त्यात स्टेज तीन फुटांचे आणि कमान आठ फुटांची होती. छताखाली फूटभर जागा उरत होती. पायथ्याची फुले काढून शेवंती व निशिगंध कमानीच्या माथ्यावर नेले होते. खालच्या बाजूला झेंडूच्या माळा होत्या, कारण गुलाब पाण्यावाचून माना टाकतो, झेंडू दिवसभर तग धरतो. अंतरपाट, मामा, भटजी, करवल्या अशा दहाबारा माणसांसाठी मधली जागा मोकळी होती. होमाजवळचा पडदा गुंडाळून मागे बांधला होता.

प्रकाशावर थोडा वाद झाला. जांभळ्या उजेडात हळदीचा पिवळेपणा मळकट दिसतो, आणि पाठीमागचे दिवे प्रखर असले की चेहरे काळवंडतात. शेवटी दोन्ही बाजूंनी, समोरून तिरपे, पिवळसर पांढरे दिवे ठरले. जांभळा रंग मुलीच्या हट्टाखातर पडद्यापुरता राहिला.

लग्नाच्या दिवशी आई पुन्हा दाराजवळच बसली. सप्तपदी चालू असता तिने आम्हांला जवळ बोलावून विचारले, “हिच्या शालूचा काठ हिरवा आहे, मघाशी कोण लाल म्हणत होतं?”