बर गेले की नुसते तुंबले?

कॉफीची चव बिघडली आणि ग्राइंडर रेंगाळायला लागला की लोकांचा निकाल तयार असतो: "बर गेले यार, नवीन मागवतो." बर म्हणजे ग्राइंडरमधली ती दातेरी पोलादी जोडी. आपलं जातंच, फक्त दगडाऐवजी धातूचं. फरक एवढाच की आजीच्या जात्याला टाकी लावून घेता यायची, घरगुती ग्राइंडरचे बर सरळ बदलावे लागतात. आणि ते काही चहाच्या कपाच्या किमतीत येत नाहीत.

घोळ असा आहे की झिजलेला बर आणि नुसता घाण झालेला बर, दोघांची लक्षणं जवळपास सारखीच. दळायला वेळ जास्त लागतो, पूड एकसारखी येत नाही, एकाच कपात आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही लागतात. कारण पूड आणि भरड एकत्र पडली की बारीक कणांतून जास्त अर्क उतरतो आणि जाड्यांतून कमी.

माझ्या एका मित्राचंच उदाहरण घ्या. कोनाकृती बरचा घरगुती ग्राइंडर, वापर चार वर्षं, नवरा-बायकोची मिळून रोज ३० ग्रॅम कॉफी. पूर्वी १८ आकड्यावर दळायचा, आता तीच कॉफी यायला १२ वर आणावं लागतं. नवीन बर त्याने शॉपिंग कार्टमध्ये टाकूनसुद्धा ठेवले होते. आता हिशोब करा: रोज ३० ग्रॅम म्हणजे वर्षाला साधारण ११ किलो, चार वर्षांत ४४. चांगले पोलादी बर काहीशे किलोंपर्यंत सहज जातात. म्हणजे संशयित दुसराच कोणीतरी :)

प्लग काढला (हे आधी!), हॉपर काढला, वरचा बर उचलला. खाली खजिनाच होता. दात्यांच्या खाचांत तेलकट काळा थर, आणि पूड बाहेर पडते त्या वाटेत दमट हवेने घट्ट झालेली ढेकळं. डार्क रोस्टच्या बिया तेलकट असतात, ते तेल हवेने खवट होतं आणि रोजच्या ताज्या कॉफीत मिसळत राहतं. पण खरी मेख होती वरचा बर बसतो त्या कडेखाली. तिथे पूड दाबून बसली होती. त्यामुळे बर किंचित तिरका बसायचा, एका बाजूला फट कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. अशा फटीतून एकसारखी पूड यायची कशी?

साफसफाई कोरडीच करायची. कडक केसांचा ब्रश, खाचांसाठी लाकडी टूथपिक, शेवटी कोरडं फडकं. पोलादी बरला पाणी लावलं तर गंज चढतो. तांदूळ फिरवायचा सल्लाही खूप जण देतात, पण कच्चा तांदूळ कॉफीपेक्षा कडक असतो, छोट्या मोटरवर ताण येतो आणि पिठूळ भुकटी आत राहते ती वेगळीच. मिक्सरच्या भांड्यातले प्रयोग इथे नकोत. सगळं जागेवर बसवून मूठभर जुन्या बिया दळून फेकून द्यायच्या. मित्राचा आकडा त्यानंतर १७ वर आला. कार्ट रिकामं झालं.

आता उलटी केस. ऑफिसजवळच्या एका छोट्या कॅफेत चपट्या बरचा ग्राइंडर आहे. रोज दोन किलो, चौदा महिने, म्हणजे आठशे किलोंच्या वर. तिथला पोरगा ग्राइंडर रोज रात्री साफ करायचा, तरी दर आठवड्याला आकडा थोडा थोडा बारीक करावा लागत होता. इथे सफाईने काडीचा फरक पडला नाही. मग धार बघितली. बर बाहेर काढून दात्याच्या कडेवर नख हलकेच आडवं ओढायचं. धार असेल तर नख अडकतं, थोडं तासलं जातं. इथे ते गुळगुळीत सरकलं. मोबाइलचा टॉर्च धरल्यावर कडांवर चमकणारी बारीक रेघ दिसली. तीक्ष्ण कडेवरून उजेड फारसा परतत नाही, बोथट झालेली कड चमकते. हे बर खरंच गेले होते.

किलोंच्या हिशोबाला एकच मोठा अपवाद, तो म्हणजे खडा. बियांत कधीतरी बारीक दगड निघतो. तो एकदा दळला गेला की दात्याचा टवका उडतो, मग बर महिन्याभराचा असला तरी बदलायचा.

नवीन बर टाकताना दोन्ही भाग एकदम बदलायचे, एक जुना एक नवा असं नाही. त्यावर जुना आकडाही चालत नाही. नवी धार त्याच आकड्यावर बारीक दळते, म्हणून बऱ्याच जाड बाजूने सुरुवात करून हळूहळू खाली यायचं. शिवाय सुरुवातीचे एक-दोन किलो दळून होईपर्यंत आकडा थोडा इकडेतिकडे सरकत राहतो. कॅफेवाल्याने म्हणूनच बदल रविवारी रात्री केला आणि सोमवारी सकाळी आधी स्वस्तातल्या बिया दळून घेतल्या.