सहा हजार पिक्सेलची गाडी

मागच्या शनिवारी पहूरला होतो. संध्याकाळी मावसभाऊ लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, फाईल सेव्हच होत नाहीये. बघ ना जरा."

तर झालं असं होतं... आपली पाचोरा-जामनेर नॅरोगेज, म्हणजे पीजे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. तिच्या आठवणीसाठी पोरांना १० बाय ६ फुटांचा फ्लेक्स करायचा होता. मागे पीजेचा मोठा फोटो, पुढे स्टेशनवरच्या जुन्या घरगुती फोटोंचं कोलाज. लॅपटॉपला ४ जीबी रॅम, फोटोशॉप जुनं. आणि कोणीतरी सांगितलेलं, "प्रिंट म्हणजे ३०० रिझोल्यूशन पाहिजेच."

हिशोब करून बघा. १० फूट म्हणजे १२० इंच, ६ फूट म्हणजे ७२. ३०० ने गुणलं की ३६,००० बाय २१,६०० पिक्सेल. एका पिक्सेलला तीन बाइट्स धरले तर पूर्ण कॅनव्हासभर पसरलेली एकच लेयर २.१७ जीबी! त्यात PSD फाईलची बाजू ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी चालतच नाही. मग सेव्ह कुठून होणार?

मी त्याला विचारलं, "गाडीचा मूळ फोटो केवढा आहे?" उत्तर आलं, ६००० बाय ४०००. म्हणजे पठ्ठ्याने तो सहापट ताणला होता. नवीन तपशील शून्य, वजन मात्र छत्तीस पट. ६००० पिक्सेल १२० इंचांवर पसरले की इंचाला ५० पडतात. फ्लेक्स लोक दहा फुटांवरून बघणार. तेवढ्या अंतरावरून चांगल्या डोळ्यालाही इंचात साधारण तीसच ठिपके वेगळे दिसतात. मग ५० ला हरकत काय? नवीन कॅनव्हास केला, ६००० बाय ३६००. खिडकीच्या खालच्या पट्टीत Document Sizes निवडलं. डावीकडचा आकडा, म्हणजे सगळं सपाट केल्यावरचं वजन, ६१.८ एमबी. उजवीकडचा आकडा लेयर्ससकटचा असतो, लक्ष त्याच्यावर ठेवायचं.

आता स्मार्ट ऑब्जेक्ट. याने फाईल हलकी होते असा गैरसमज आहे. उलट आत मूळ फोटोही राहतो आणि कॅनव्हासवरचं त्याचं रूपही. फायदा वेगळाच आहे. घरचे फोटो आधी Place करून मग लहान केले, की नंतर मूळ मापापर्यंत मोठे करता येतात, धूसर होत नाहीत. उद्या याच कोलाजचं छोटं कागदी पोस्टर करायचं ठरलं तरी मूळ तपशील हाताशी असतात. गाडीच्या सावली-धूर-रंगाच्या नऊ लेयर्स होत्या, त्या एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बांधल्या. आता त्या डबल-क्लिक केल्यावरच वेगळ्या उघडतात.

एक खोच मात्र आहे. भावाने एकच झाड बारा वेळा New Smart Object via Copy ने काढलं होतं. त्याने प्रत्येक झाडासोबत मूळ फोटोची वेगळी प्रत साठते. साध्या Ctrl+J ने केलं तर सगळी झाडं एकाच मूळावर चालतात. अट एवढीच की एक बदललं की सगळी बदलतात.

हे सगळं झाल्यावर Document Sizes च्या जागी Efficiency लावून बघितलं. १०० च्या खाली घसरत राहिलं की समजायचं, रॅम संपून काम हार्ड डिस्कवर चाललंय. आमचं १०० ला टिकलं.

आणि तरीही माती खाल्ली, ती मीच. शेवटी शार्पन करायला सर्वात वरची लेयर निवडून Ctrl+Shift+Alt+E दाबलं. याने दिसतं त्या सगळ्याची एक सपाट प्रत निवडलेल्या लेयरच्या वर येते, खालच्या लेयर्स तशाच राहतात. थोड्या वेळाने भावाने पाहिलं, गावाचं नाव "पहुर" असं ऱ्हस्व पडलंय. त्याने खालच्या टेक्स्ट लेयरमध्ये दुरुस्त केलं, फाईल सेव्ह केली, रात्रीच छपाईला धाडली. वरची प्रत अर्थातच जुनी! सकाळी आख्ख्या दहा फुटांवर "पहुर". मावशी म्हणाली, "गावातच राहता ना रे तुम्ही?" दुसरा फ्लेक्स माझ्या खिशातून झाला.

तेव्हापासून सपाट प्रत कामाच्या फाईलमध्ये ठेवतच नाही. ती मेलेली असते, खाली काय बदललं ते तिला कळत नाही. वर प्रत्येक प्रतीमागे ६१.८ एमबी जातात ते वेगळेच. त्याऐवजी Image > Duplicate घ्यायचं, त्यात Duplicate Merged Layers Only वर टिक करायची. वेगळी सपाट फाईल मिळते. शार्पन तिथे करायचं, TIFF करून तीच छपाईला द्यायची. दुरुस्ती आली तर ती फेकून नवी काढायची.

असो. दुसरा फ्लेक्स लागलाय. दीर्घ ऊ मी जवळ जाऊन दोनदा बघून आलो :)