नव्व्याण्णव टक्के विधानसभा

२०१९ची महाराष्ट्र विधानसभा त्याला अजून छळते. जागा २८८: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, इतर २९. टक्के काढून प्रत्येक आकडा सुटासुटा पूर्णांकात आणला की ३६, १९, १९, १५ आणि १० येतात. बेरीज ९९. पाय चार्टची चकती मात्र पुरी गोल असते, कारण सॉफ्टवेअर काप मूळ आकड्यांवरून पाडतं. खोट फक्त लेबलांत. पण वाचक कोन मोजत बसत नाही, बेरीज करतो आणि फोन लावतो.

वृत्तपत्रांचे आलेख काढण्यात केस पिकलेल्या या गृहस्थाच्या हाताखाली हल्ली एक शिकाऊ मुलगी आहे. तिने एक दशांश स्थळ ठेवून पाहिलं: बेरीज १००.१. मग तिने ‘इतर’चे दोन काप केले, १३ अपक्ष आणि १६ छोट्या पक्षांचे. ४.५१चे ५ झाले, ५.५६चे ६ झाले, आणि पूर्णांकांची बेरीज चक्क १०० भरली.

“सर, जमलं!”

त्याला ते पटेना. एकाही जागेची हलवाहलव न होता टक्का आला कुठून? पाच कापांच्या चार्टात राष्ट्रवादी सोडून बाकी चौघे मिळून १.२५ टक्के गमावतात; राष्ट्रवादी १८.७५वरून १९वर जाऊन ०.२५ मिळवते. तूट नेमकी १. ‘इतर’ फोडल्यावर दोन्ही तुकडे वर चढले आणि तूट झाकली गेली, इतकंच.

त्याची पद्धत वेगळी. आधी सगळ्यांचे अपूर्णांक छाटायचे. बेरीज ९८ येते. उरलेले दोन टक्के ज्यांची बाकी सर्वांत मोठी त्यांना एकेक द्यायचे. अमेरिकेत राज्यांना जागा वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टनने हीच रीत सुचवली होती. १७९२मध्ये वॉशिंग्टनने त्या रीतीवर बेतलेलं विधेयक नाकारलं. इथे पहिला टक्का बिनबोभाट राष्ट्रवादीला जातो. दुसऱ्यासाठी भाजपची बाकी ०.४६, सेनेची ०.४४. म्हणजे ३६.४६ असलेल्या भाजपपुढे ३७ छापायचे आणि १९.४४च्या सेनेला १९वरच ठेवायचं. तेही २०१९मध्ये मुख्यमंत्रिपदावरून दोघांचं फाटलेलं असताना!

उरलासुरला टक्का गुपचूप ‘इतर’मध्ये ढकलणाऱ्यांना तो हिशेबनीस नव्हे, खिसेकापू म्हणतो. अपक्षांकडून कोण तक्रार करणार, हा त्यांचा भरवसा.

“मग खाली टीप टाकू या, ‘पूर्णांकांमुळे बेरीज १०० नाही’,” मुलगी म्हणाली. सर्वांत सरळ उपाय तोच, हे त्यालाही ठाऊक आहे. पण टिपेने चकतीखालची मोकळी जागा जाते, आणि त्या मोकळ्या जागेचा त्याला भारी अभिमान. शेवटी त्याने टक्केच काढून टाकले, कापांवर जागा छापल्या. बेरीज २८८. मुलीने विचारलं, “आणि मतांच्या टक्क्यांचा चार्ट?”

त्याने टीप लिहायला घेतली, सर्वांत बारीक टाइपात.