एका बिटाचा पाठभेद

मुलाची बारावी संपली आणि घरातला संगणक त्याच्या ताब्यात गेला. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. माइनक्राफ्ट खेळताना पडदा गोठतो, सिटीज स्कायलाइन्समधले शहर मोठे झाले की खेळ आपोआप बंद पडतो, जीटीए चालू असताना तर एकदा निळा पडदाच आला आणि त्यावर `MEMORY_MANAGEMENT` ही अक्षरे. मी त्यातून सोयीस्कर निष्कर्ष काढला : खेळांनी संगणक बिघडवला. मुलाला तसे बोललो, आणि वर आठवडाभर बंदीही घातली.

तो चिडला नाही. एवढेच म्हणाला, "बाबा, तिन्ही खेळ वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. तिघांत एकच चूक कशी असेल?"

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न स्वतः सुचायला हवा होता. वेगवेगळ्या ग्रंथांच्या नकलांत एकाच तऱ्हेचे प्रमाद दिसू लागले, तर आपण ग्रंथकारांना दोष देत नाही, लेखनिकाकडे पाहतो. इथे लेखनिक म्हणजे रॅम. प्रत्येक प्रोग्राम आपला मजकूर तिच्यावर उतरवतो आणि थोड्या वेळाने परत वाचतो. एखादी जागा सदोष असेल, तर तिथे त्या क्षणी काय ठेवले होते यावर लक्षण ठरते. चित्राचा तुकडा असेल तर एखादा रंग चुकतो नि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण दुसऱ्या मजकुराचा पत्ता असेल, तर प्रोग्राम भलत्याच ठिकाणी जाऊन कोसळतो. मी टंकलेखन करताना स्मृतीचा थोडाच भाग वापरला जाई, खेळ मात्र ती जवळजवळ भरून टाकत. म्हणून माझे सुरळीत चाले आणि त्याचे नाही.

विंडोजमधली `mdsched` ही चाचणी आधी चालवली. तिला दोष सापडला नाही. मला विजयी वाटले. मुलाने सांगितले की तिची नेहमीची फेरी पुष्कळदा वरवरची ठरते. मग त्याने पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घेतले आणि संगणक त्यावरून सुरू केला. विंडोज चालू असताना स्मृतीचा बराच भाग तिनेच अडवलेला असतो, म्हणून ही चाचणी तिच्याबाहेर होते. रॅमचा वाढवलेला वेगही त्याने बायोसमधून मूळ पातळीवर आणला, नाहीतर दोष कांडीचा की वेगाचा, हे कळले नसते.

चाचणीची रीत आपल्याच धंद्यातली आहे. ठरलेला मजकूर जागोजागी लिहायचा, परत वाचायचा, ताडून पाहायचा. मग उलटा मजकूर घेऊन पुन्हा तेच. अकराव्या मिनिटाला लाल ओळी उमटल्या. अपेक्षित :

```
ffffffffffffffff
ffffffffffffffef
```

खालची ओळ प्रत्यक्ष सापडलेली. चौसष्ट बिटांपैकी एकच १ चा ० झालेला, आणि पुढच्या प्रत्येक ओळीत नेमका तोच.

आठ-आठ जीबीच्या दोन कांड्या होत्या. दोन्हींवर मजकूर आळीपाळीने वाटला जात असल्याने पत्त्यावरून गुन्हेगार ओळखता येईना. म्हणून एकेक कांडी, एकाच खाचेत. पहिली रात्रभर चार फेऱ्या निर्दोष. दुसरीवर पहिल्याच फेरीत लाल ओळी. तिची टोके रबराने पुसली, तरी त्याच. मग ती दुसऱ्या खाचेत बसवली. दोष तिच्याबरोबर गेला. चांगली कांडी तिथे बसवल्यावर खाचही निर्दोष ठरली. ही दोषी कांडी दोन वर्षांपूर्वी मीच, स्वस्तात मिळते म्हणून, वापरलेली घेतली होती. असो.

खरी धास्ती नंतर वाटली. याच संगणकावरून मी जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे हार्डडिस्कवर उतरवली होती. नक्कल होताना मजकूर रॅममधूनच जातो. मुलाने चांगल्या कांडीवर, रेकॉर्डरच्या कार्डावरील आणि डिस्कवरील प्रत्येक फाइलचा ठसा काढला :

```
certutil -hashfile ovi-07.wav SHA256
```

दोन्हीकडचे आकडे जुळले तर नक्कल शुद्ध. सदुसष्टपैकी दोन जुळले नाहीत. त्या कार्डावरून पुन्हा उतरवल्या. मात्र नऊ मुद्रणे मी जागा व्हावी म्हणून कार्डावरून आधीच पुसली होती. त्यांच्यासाठी ताडून पाहायला मूळ प्रतच उरलेली नाही. ऐकताना ती ठीक वाटतात. पण एका बिटाचा फरक कानाला कळत नाही, आणि त्यांतल्या दोन गाणाऱ्या आजी आता हयात नाहीत.

त्या नऊ फाइली मी 'अनिश्चित' अशा नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. बंदी मात्र त्याच रात्री उठवली.